माझं चुकलं गं

मला न विचारता नवऱ्याने दिवाळीची म्हैसूरची तिकिटं काढली, त्यावरून दोन दिवस आमचा अबोला होता. तो कानडी, मी मराठी; भांडण इंग्रजीत झालं. माफी मात्र त्याने मराठीत मागायची ठरवली.

पहिला मेसेज आला, ‘मी दिलगीर आहे.’ लोकल उशिरा आली की स्टेशनवर ऐकू येतं, तेच! मग म्हणाला, ‘चूक झाली.’ कन्नडमधलं ‘तप्पायितु’ म्हणजे जवळपास हेच, आणि त्याच्या घरी ते मनापासून म्हणतात. माझ्या मराठी कानाला मात्र त्यातून चूक करणारा माणूसच गायब वाटतो. पाऊस झाला, तशी चूक झाली. ‘माझं’ हवंच. ‘चुकलं असेल माझं’ तर त्याहून वाईट, त्या ‘असेल’मध्ये भांडण पुन्हा सुरू होतं.

रात्री भांडी घासताना, माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, ‘माझं चुकलं गं. आधी तुला विचारायला हवं होतं.’ ‘चुकलं’मध्ये त्याने चहातला ‘च’ घातला होता. तो ‘गं’ कुठून उचलला कोण जाणे. बहुधा आईशी माझं फोनवर चालतं, त्यातून.