शेपटीवरचे दोन ग्रॅम

सारे आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेले असले, म्हणजे कोणत्याही विषयात सल्ला देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे माणसाला वाटू लागते. माझी ही समजूत गेल्या डिसेंबरात माझ्या पुतण्याने दूर केली. आणि तीही माझ्याविरुद्ध एक अक्षर न बोलता.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तो हाताने फेकायचे एक लहानसे ग्लायडर करीत होता. पंख बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या दीड मिलिमीटर पत्र्याचा, चाळीस सेंटिमीटर लांब व आठ रुंद. विमान सोळा ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे त्याने ठरविले होते, आणि वहीत चक्क अंदाजपत्रक मांडले होते : पंख 6, मधली काठी 3, शेपटी 1, गोंद 1, आणि नाकाला लावायची मऊ रंगीत माती 5. अंदाजपत्रक दिसताच माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. सगळे आकडे नीट पाहून मी म्हणालो, “बाकी ठीक आहे, पण शेपटी एक मिलिमीटरची? धक्क्याने मोडेल. तीन मिलिमीटरची कर. दोन ग्रॅमने काय बिघडते?”

“बरं काका,” तो म्हणाला, आणि त्याने तशी केली.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानावर त्याने विमान सोडले. ते चार हात पुढे गेले, एकाएकी नाक वर करून जवळजवळ उभे राहिले आणि शेपटीवर आपटले. दुसऱ्यांदाही तेच. मुले हसली. परीक्षकांनी विचारले, “शेपटी इतकी जाड का?” माझा पुतण्या म्हणाला, “माझी चूक झाली, सर.” मी मागच्या रांगेत उभा होतो. पुढे होऊन खरे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

रात्री मी त्याची वही मागून घेतली. पंखाच्या पुढल्या कडेपासून सुमारे तीन सेंटिमीटरवर, दोन बोटांच्या टोकांवर विमान सपाट तोलले गेले पाहिजे. तो त्याचा गुरुत्वमध्य. तो ठिकाणावर असला, म्हणजे वाऱ्याच्या झुळकीने नाक वर उचलले गेले तरी शेपटीवर हवेचा दाब पडून ते पुन्हा खाली येते; तो फार मागे सरकला, की झुळूक नाक वर करते आणि ते वरच जात राहते. शेपटी त्या मध्यापासून चोवीस सेंटिमीटर मागे आणि नाकाची माती आठ सेंटिमीटर पुढे. म्हणजे शेपटीवरचा एक ग्रॅम तोलायला नाकावर तीन ग्रॅम हवेत. माझ्या दोन ग्रॅमनी सहा ग्रॅमचे कर्ज काढले होते, आणि ते कुणी फेडलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने ती सहा ग्रॅम माती लावायला लावली. विमान आता चोवीस ग्रॅमचे झाले आणि सरळ उडाले, पण बाणासारखे. पंख तोच, त्याने दीडपट भार उचलायचा, तर हवेतून अधिक वेगाने जायला हवे, कारण उचल वेगाच्या वर्गाने वाढते. सोळा ग्रॅमला सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास पुरले असते, तेथे साडेचार लागू लागले. वजन दीडपट आणि वेगाचा वर्गही दीडपट, म्हणून जमिनीवरचा दणका सव्वादोनपट. तिसऱ्या फेकीत नाकापाशी काठी मोडली. शेपटी मात्र शाबूत होती.

इंग्लंडात सर जॉर्ज केली याने 1804 साली जे लहान ग्लायडर केले, त्यात हलवता येणारे वजन आणि वळवता येणारी शेपटी होती, असे पुतण्याने मला त्या दिवशी सांगितले. हे त्याला आधीपासून ठाऊक होते. मग माझ्या सल्ल्याला तो नाही का म्हणाला नाही, हे मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते.

नवी काठी आणि एक मिलिमीटरची नवी शेपटी त्याने रविवारी बसविली. पंखाची पुढली कड काठीवर तीनेक मिलिमीटर उचललेली, शेपटी काठीशी समांतर. पंखांची दोन्ही टोके चार-चार सेंटिमीटर वर, म्हणजे विमान एका अंगाला कलले तर खालच्या पंखाला अधिक उचल मिळून ते सावरते. शेजारच्या सराफाच्या काट्यावर एकंदर भरले साडेसोळा ग्रॅम. अर्धा ग्रॅम गोंदात गेला होता. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली धरून, ढकलल्यासारखे त्याने ते सोडले. ते दहा-अकरा पावले तरंगत गेले आणि गवतावर पोटाने टेकले.

सोमवारी मी शाळेत जाऊन परीक्षकांना भेटलो आणि शेपटी कोणाची होती ते सांगितले. पुतण्याला हे अजून माहीत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा दमट हवेत वाकतो, म्हणून उरलेला तुकडा तो माझ्या एका जुन्या खातेवहीत दाबून ठेवतो.