पदवीची झाली बारावी!

माझी भाची सांगलीच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झाली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. साताऱ्याच्या एमआयडीसीत ४ वर्षे प्रयोगशाळेत काढल्यावर स्पेनमधल्या नोकरीसाठी तिने आपला बायोडेटा शब्दकोश घेऊन स्पॅनिशमध्ये उतरवला. तिच्या स्पॅनिशच्या बाईंनी तो पाहून कपाळाला हात लावला. 'बॅचलर'चे तिने 'बाचियेर' केले होते. स्पेनमध्ये त्याचा अर्थ आपल्याकडच्या बारावी पाससारखा! 'केमिस्ट'चे झाले होते 'फार्मासेउतिका', म्हणजे औषधे देणारी फार्मासिस्ट. तिकडे त्या कामाला वेगळी पदवी आणि मान्यता लागते.

बाईंनी पदवीचे नाव मूळ इंग्रजीतच ठेवले, शेजारी शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. खाली स्पॅनिशमध्ये एक ओळ : रसायनशास्त्रातील ३ वर्षांची विद्यापीठ पदवी. 'ग्रादो' लिहू दिले नाही. तिकडची ग्रादो बहुधा ४ वर्षांची, आणि आपली पदवी तिच्या बरोबरीची की नाही हे तिथले सरकार ठरवते. 'फर्स्ट क्लास' तिकडे कोणाला कळणार? तिथे १०० पैकी ६८ असे आले. हुद्दा झाला 'आनालिस्ता दे कोन्त्रोल दे कालिदाद', गुणवत्ता तपासणारी.

"मावशी, हे कमी नाही ना वाटत?" भाचीने विचारले.

"तू जे करतेस तेच लिहिलंय की," मी म्हटले.

तिच्या आईने एवढेच विचारले, "यात बी.एस्सी. कुठंय?" भाचीने त्या ओळीवर बोट ठेवले.