खातं बंद, पास चालू

कराडहून कोल्हापूरकडे निघालं की मलकापूरच्या ढेबेवाडी फाट्याजवळ शेतीच्या मालाची घाऊक दुकानं लागतात. त्यातल्या एका पेढीचं ऑर्डर घेण्याचं पोर्टल मी बांधलेलं आहे आणि अजूनही ते मीच सांभाळतो. ठिबकचे पाइप, फवारणीची औषधं, पंप असा सगळा माल. पाटण, उंब्रज, शिराळ्यापर्यंतच्या दुकानांत फिरणारी पोरं मोबाइलवरून ऑर्डर टाकतात, दर बघतात, उधारी तपासतात.

2024 च्या एप्रिलमध्ये पेढीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एका गोष्टीने बेचैन होते. शिराळ्याच्या एका दुकानदाराने त्यांना फोन करून सांगितलं होतं, "अण्णा, तुमचा नवा दर आला की दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीचा दर मीटरमागे दोन रुपयांनी कमी येतो." एकदा झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. तीन वेळा झालं.

मार्चअखेर पेढीतला एक विक्री प्रतिनिधी नोकरी सोडून त्याच समोरच्या पार्टीकडे गेला होता. पण 1 एप्रिलला सकाळी अण्णांनी स्वतः ॲडमिनच्या पानावर जाऊन त्याचं खातं 'निष्क्रिय' केलं होतं. त्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून त्याचा पासवर्ड टाकून पाहिला, तर लॉगिन नाकारलं गेलं. म्हणजे तो आत येणं शक्य नाही, असं सगळे धरून चालले. मग दर बाहेर कोण देतंय? संशय गेला बिलिंगला बसणाऱ्या मुलावर. तो त्या प्रतिनिधीचा गाववाला, दोघं एकत्र जेवायला बसायचे. त्याने स्वतःचा पासवर्ड दिला असणार, असं पेढीत उघड बोललं जाऊ लागलं. मी 22 एप्रिलला तिथे पोचलो तेव्हा त्याला दोन दिवस गोदामात माल मोजायला पाठवलेलं होतं.

लॉगिनची नोंदवही काढली. त्या प्रतिनिधीचा खाते क्रमांक 37. 4 मार्चनंतर 37 चं एकही यशस्वी लॉगिन नाही. इथेच थांबलो असतो तर त्या मुलाचं काही खरं नव्हतं. पण लॉगिनची नोंद फक्त पासवर्ड टाकण्याचा क्षण दाखवते, त्यानंतर माणूस कोणती पानं उघडतो ते दाखवत नाही. ते सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीत असतं. ती उघडली आणि ओळी सापडल्या: `GET /api/rates`, वापरकर्ता 37, उत्तर `200`. 200 म्हणजे सर्व्हरने मागितलेलं दिलं. एप्रिलच्या तीन आठवड्यांत अशा अकरा ओळी होत्या.

वेळ बघून अण्णा दचकले. "पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी? चोरच म्हणायचा!" मी त्यांना सांगितलं, सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपले साडेपाच तास त्यात मिळवायचे. म्हणजे सकाळी 9.40. एखादा माणूस दुकानांच्या फेरीला निघण्याआधी चहा घेता घेता दर बघतो, ती वेळ.

खातं बंद असताना दार उघडलं कसं, याचं उत्तर लॉगिनच्या वेळी मिळणाऱ्या टोकनमध्ये होतं. एसटीचा जुना कागदी पास आठवा. कंडक्टर शिक्का बघतो, तारीख बघतो आणि पास परत देतो. ह्या मुलाने कॉलेज सोडलंय का, हे तो डेपोत फोन करून विचारत नाही. टोकनचंही तसंच. पासवर्ड बरोबर आला की सर्व्हर एक छोटा मजकूर लिहितो, त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि मोबाइलकडे देतो. पुढे प्रत्येक वेळी मोबाइल तोच मजकूर दाखवतो. 37 च्या टोकनात होतं ते असं:

```
{
  "sub": "37",
  "role": "sales",
  "iat": 1709530200,
  "exp": 1717306200
}
```

`iat` म्हणजे दिल्याची वेळ आणि `exp` म्हणजे मुदत, दोन्ही सेकंदांत. पहिला आकडा 4 मार्च 2024, सकाळी 11 चा. दुसरा 2 जून, सकाळी 11 चा. बरोबर 90 दिवस. फेरीवरच्या पोरांना रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो म्हणून ती मुदत मीच ठेवली होती. आणि सर्व्हर फक्त सही आणि मुदत तपासत होता. 'निष्क्रिय' ही खूण तपासली जात होती ती एकट्या लॉगिनच्या पानावर, आणि त्या पानावर जायची 37 ला गरजच पडत नव्हती. त्याचा पासवर्ड बदलला असता तरी काही फरक पडला नसता. चूक माझी होती, आणि तिचा भुर्दंड बिलिंगचा मुलगा भरत होता. हे मी अण्णांना त्याच टेबलावर, त्या मुलाला समोर बसवून सांगितलं.

असं मोठ्या ठिकाणीही घडलंय. सिस्को कंपनीतल्या एका अभियंत्याने एप्रिल 2018 मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी, तो कंपनीच्या क्लाउडमध्ये शिरला आणि 456 आभासी संगणक पुसून टाकले. सोळा हजारांहून जास्त वेबेक्स टीम्स खाती बंद पडली, काही दोन आठवड्यांपर्यंत. त्याला दोन वर्षांची कैद झाली. त्यामानाने आमच्याकडे फक्त दर वाचले गेले होते. पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अण्णांनी त्या प्रतिनिधीला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा, ॲप उघडत होतं म्हणून बघत होतो." अण्णांनी तक्रार केली नाही, ॲप काढून टाकायला सांगितलं.

त्या संध्याकाळी पहिला उपाय केला तो धसमुसळा होता. सहीची गुप्त किल्लीच बदलली. त्यासरशी सगळ्यांचे टोकन बाद झाले आणि पाटणच्या बाजूला असलेल्या पोरांचे फोन यायला लागले, "सर, ॲपने बाहेर टाकलं." एका माणसासाठी सगळी पेढी बाहेर काढणं दर वेळी परवडणार नाही. म्हणून प्रत्येक विनंतीला डेटाबेसमध्ये डोकावणारी तपासणी बसवली:

```
const u = await db.user(payload.sub);
if (!u || !u.active || payload.ver !== u.ver)
  return res.sendStatus(401);
```

आता टोकनात `ver` हा आकडाही लिहिला जातो. मोबाइल हरवला किंवा पासवर्ड बदलला की खात्यातला तो आकडा एकने वाढतो आणि त्या एकाच माणसाचे जुने टोकन निकामी होतात. प्रत्येक विनंतीला डेटाबेसचा एक जादा फेरा होतो, पण चाळीस माणसांच्या पेढीत तो जाणवतसुद्धा नाही. लाखो लोकांच्या पोर्टलवर मात्र जाणवतो. तिथे टोकनची मुदत पंधरा मिनिटांवर आणतात आणि ते नव्याने देताना खातं तपासतात. त्यात काढलेल्या माणसाच्या हाती जास्तीत जास्त पंधरा मिनिटं उरतात. दरपत्रकासारख्या गोष्टीसाठी ती पंधरा मिनिटंही मला नको होती.

दुसऱ्या दिवशी दोन मोबाइल टेबलावर ठेवले. एकावर नकली खात्याने लॉगिन करून दरांचं पान उघडलं आणि तो बिलिंगच्या मुलाच्या हातात दिला. दुसऱ्यावर अण्णांनी ते खातं निष्क्रिय केलं. पहिल्या मोबाइलवर लॉगआउट न करता मुलाने पान खाली ओढून ताजं केलं. दर गेले, लॉगिनचं पान आलं, नोंदीत `401` उमटला. अण्णा चष्मा पुसून म्हणाले, "परत एकदा कर रे." मुलाने पुन्हा केलं.