कर्ता नसलेली वाक्ये

आनेकलच्या बसस्टँडवर फोन उघडला, तर माझ्या अर्जाखाली Viewed असं आलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मराठी भाषांतरं तपासण्याची ती नोकरी होती. घरी येऊन म्हणाले, "पाहिलाय त्यांनी." पण मूळ शब्दात 'त्यांनी' नाहीच. अर्ज कुणीतरी उघडला, एवढंच तो सांगतो. वाचला की नाही, ते सांगत नाही.

आठ दिवसांनी Under review आलं. मी त्याचं 'विचाराधीन' केलं आणि एका कादंबरीच्या भाषांतरासाठी विचारणाऱ्या प्रकाशकाला कळवलं, "जरा थांबा." भाषांतर चुकलं होतं. भरतीच्या पोर्टलवर अर्ज एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकवतात, कित्येकदा पन्नास एकदम. विचार सुरू झाला की अर्ज नुसता रांगेत आहे, हे त्यावरून कळत नाही. फोन आला तरच खरं.

तीन आठवडे फोन आला नाही. मग रविवारी पहाटे दोनला Not shortlisted. अर्ज केल्यावर काही मिनिटांतच नकार आला असता, तर अनुभवाची वर्षं किंवा नोटीस पीरियड अशा एखाद्या उत्तरावर यंत्राची चाळणी लागली असं मानलं असतं. इतक्या उशिरा आणि अशा वेळी, म्हणजे बहुधा जागा भरली आणि उरलेले अर्ज एकगठ्ठा बंद झाले. माझ्या मराठीवरचा तो अभिप्राय नव्हता.

सोमवारी प्रकाशकाला फोन केला. कादंबरी दुसऱ्याकडे गेली होती. तिथे मात्र कर्ता स्पष्ट होता: थांबायला मीच सांगितलं होतं.