आभाळ भरलं की कॅमेरा बंद

सुप्याच्या माळावरच्या विहिरीवरून मोटरची केबल चोरीला गेली, तेव्हा मी सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा बसवला. उन्हाळाभर तो चालला. श्रावणात मात्र सारखा बंद पडू लागला. आमच्याकडे पाऊस कमी, पण आभाळ आठवडा आठवडा भरून असतं, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. बॅटरी खराब आहे असं धरून मी ती बदलली आणि पैसे वाया घालवले.

हिशोब नंतर मांडला. १०,००० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३७ वॉट-तास. चित्रण आणि ४जी चालू असताना माझा कॅमेरा साधारण २ वॉट ओढतो. दिवसात दोनशे वेळा अर्धा अर्धा मिनिट जागा झाला, तर तेवढ्यातच तीन वॉट-तासांवर खर्च होतो. माझं तासभराचं लाइव्ह बघणं आणि नुसतं पहाऱ्यावर असणं धरून सहा-साडेसहा. तीन वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात आठेक वॉट-तास भरतं, दाट ढगांत दोनच. रोजची तूट चार-साडेचारची, म्हणजे भरलेली बॅटरी आठ-नऊ दिवसांत संपणार.

दोनशे वेळा जागा का होत होता? चोरीच्या धास्तीनं मी संवेदनशीलता सर्वांत वर ठेवली होती आणि तोंड बांधाकडे केलं होतं. कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता टिपतो. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं तरी तो उठायचा. रात्री मयूरेश्वर अभयारण्याकडून चिंकारा यायचे, कुत्री तर नेहमीचीच. मग रोख खाली, विहिरीच्या कठड्यावर आणि केबलवर आणला, संवेदनशीलता मध्यम केली, चित्रण दहा सेकंदांचं ठेवलं. रात्री झोपमोड करून लाइव्ह बघायची सवय सोडणं जास्त अवघड गेलं. अंधारात इन्फ्रारेड दिवेही जळतात, आणि रेंज कमी असली की मोडेम जास्त ताकद लावतं.

पॅनेलही मी चुकीचं लावलं होतं. दुपारनंतर लिंबाच्या फांदीची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर यायची. आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे कोपरा झाकला तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह घटतो. आता ते खोलीच्या छतावर दक्षिणेकडे तोंड करून, वीसेक अंश कलतं आहे. कॅमेरा पत्र्यावरून काढून सावलीत घेतला, कारण ४५ अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी सहसा चार्जच करून घेत नाही. भर उन्हात ॲपमधलं चार्जिंगचं चिन्ह गायब झालं, तर आधी कॅमेऱ्याला हात लावून बघावं.

एवढं करूनही ढगाळ दिवसांत थोडी तूट राहतेच. म्हणून पावसाळ्यात बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की बाजाराच्या दिवशी जाता जाता जादाची भरलेली बॅटरी घालतो आणि उतरवलेली घरी रात्रभर चार्जिंगला लावतो. घराच्या दारावरच्या व्हिडिओ बेलला पॅनेल नाही. ती रस्त्याकडे न वळवता उंबऱ्याकडे वळवल्यापासून महिन्यातून एकदा चार्ज केली तरी पुरते.