एका डोसने माझं मत बदललं

2010 साली मी एचपीव्ही लसीच्या विरोधात होते. सोलापूर जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या बैठकांत मी तसं उघड बोलत होते, पत्रकं लिहून वाटत होते. आज भाचीच्या बारा वर्षांच्या मुलीला ही लस द्या म्हणून मीच मागे लागले आहे. माझं तेव्हाचं बोलणं ऐकून थांबलेल्या आया अजून भेटतात, म्हणून हे मत कसं बदललं ते सविस्तर सांगायला हवं.

तेव्हाच्या रागाला कारण होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाला. त्यात लस घेतलेल्या सात मुली दगावल्याची बातमी आली आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारने तो थांबवला. चौकशीत मृत्यूंची कारणं वेगवेगळी निघाली: कुणी बुडून गेली, कुणाला साप चावला, कुणी कीटकनाशक प्यायली, कुणी तापाने गेली. लसीशी त्यांचा संबंध दिसला नाही. पण त्याच चौकशीतून दुसरी गोष्ट उघड झाली. आंध्रातल्या अडीच हजारांहून जास्त संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांनी सह्या केल्या होत्या. आदिवासी मुलींच्या आईबापांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या सह्यांबद्दलचा माझा राग आजही तितकाच आहे. पण मुलींच्या घरी विचारलं होतं का, हा एक प्रश्न आणि लस काम करते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचंही तेच धरून मी बोलत राहिले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे मिळालं ते आपल्याच भागातून.

खम्ममचा प्रकल्प थांबला त्याच महिन्यात देशात चाललेला आणखी एक अभ्यास थांबवला गेला. तो पूर्णपणे वेगळा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो भारतातल्या रुग्णालयांबरोबर सुरू केला होता आणि त्याच्या केंद्रांत बार्शी, पुणे आणि मुंबईही होती. दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. लसीकरण मध्येच थांबलं आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. अर्धवट लसीकरण म्हणून तो विषय सोडून देता आला असता, पण संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला.

अशा पाठपुराव्याचं काम केलेल्या एक ताई मला पुढे भेटल्या. मुलीचं लग्न झालं की वहीत माहेरचं आडनाव खोडून सासरचं लिहायचं, गाव बदलायचं, मग नव्या घरी जाऊन सासूबाईंशी आधी बोलायचं. नमुना लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी घ्यायचा असे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्याआधी तपासून काही कळत नाही. “ताई, दोन दोन वेळा जावं लागायचं, पहिल्यांदा तर दारातूनच परत पाठवायचे,” असं त्या म्हणाल्या.

त्या अभ्यासाचे दहा वर्षांपर्यंतचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के या विषाणूच्या 16 आणि 18 क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात. यांचा संसर्ग बऱ्याच जणींना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांना धोका असतो. लस न घेतलेल्या सुमारे साडेबाराशे स्त्रियांपैकी 32 जणींत असा चिवट संसर्ग सापडला. एकच डोस घेतलेल्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांपैकी एकीतच. दोन किंवा तीन डोस घेतलेल्यांचे आकडे याहून वेगळे नव्हते.

एका डोसात एवढं कसं होतं, हे मला आधी पटेना. लसीत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रथिन असतं. ते प्रथिन स्वतःच जुळून हुबेहूब विषाणूसारखा गोळा तयार करतं, पण तो आतून पोकळ, जनुकं नसलेला, म्हणून त्याने संसर्ग होऊच शकत नाही. त्या गोळ्यावर एकच आकृती अगदी नियमित अंतराने पुन्हा पुन्हा उमटलेली असते आणि शरीर अशा मांडणीला फार जोरात उत्तर देतं. त्यातून बनलेली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या मुली आहेत.

तरी माझी एक शंका उरली होती. संसर्ग टळला, पण कॅन्सर टळला का? संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात, त्यामुळे 2010 मध्ये याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि तेव्हा तो प्रश्न विचारणं रास्त होतं. 2020 मध्ये स्वीडनमधून उत्तर आलं. सोळा लाखांहून जास्त मुली आणि तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी आढळला. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांत घट 53 टक्क्यांचीच होती. आधीच शिरलेल्या विषाणूला लस बाहेर काढत नाही. म्हणूनच ती नऊ ते चौदा या वयात द्यायची. ‘एवढ्या लहान वयात ही लस कशाला’, असं मीच व्यासपीठावरून विचारायचे.

लशीपेक्षा तपासणीवर पैसा घाला, हा माझा दुसरा मुद्दा होता आणि त्याला उस्मानाबादचा आधार होता. आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर देशभर काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या 1.9 टक्के निघाल्या. टेबलावर पाय वर घेऊन झोपायला बायका लाजतात, घरचे विचारतात तुला काय झालंय, रोजंदारी बुडते. तपासणी हवीच, पण ती येईल म्हणून मुलींची लस अडवून धरणं मला आता पटत नाही. शिवाय याच विषाणूमुळे घशाचा, गुदद्वाराचा, योनीचा, पुरुषाच्या लिंगाचाही कॅन्सर होतो आणि त्यांच्यासाठी पिशवीच्या तोंडासारखी सर्रास करता येणारी तपासणी नाही. त्यामुळे पुण्यात सीरमने बनवलेल्या लसीला मुलग्यांसाठीही परवानगी आहे, हे मी मुलांच्या आयांनाही सांगते.

शाळेत लसीकरण असलं की मी संमतीपत्र घरी न्यायला लावते, एक दिवस मध्ये ठेवते. आईबापांना सांगते की दंड दुखेल, एखादीला चक्कर येईल, म्हणून सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. नाही म्हणणाऱ्या घरावर दबाव आणू देत नाही.

भाचीने परवा विचारलं, “मावशी, मग मी पण घेऊ का?” ती अडतीस वर्षांची आहे. तिला मी लशीऐवजी एचपीव्ही चाचणीचा आग्रह केला. आणि तिच्या मुलीलाही लस घेतली तरी तिशीनंतर चाचणी करावीच लागेल, कारण लशीत नसलेल्या प्रकारांनीही हा कॅन्सर होतो. भाचीने पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे, मी तिच्याबरोबर जाणार आहे.