हिरवा रंग का?

डिझाइनच्या एका विद्यार्थिनीचं निवेदन माझ्याकडे तपासायला आलं. विषय, उर्दू शाळेचा द्विभाषिक फलक. गुण 20: कारणमीमांसेला 8, संदर्भाला 7, हेतूच्या स्पष्टतेला 5.

पहिलंच वाक्य होतं, "हिरवा रंग मुस्लिम ओळख दाखवतो आणि फलकाला सुंदर रूप देतो." अशा वाक्याला मी एक कसोटी लावतो. ते उचलून दुसऱ्या फलकाखाली ठेवायचं. तिथंही तसंच चाललं, तर ते कारण नव्हे. हे वाक्य बिर्याणीच्या दुकानालाही चाललं असतं.

तिसऱ्या परिच्छेदात मात्र तिनं लिहिलं होतं, की नस्तालीकमधले शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातात, म्हणून त्यांना उभी जागा जास्त लागते. देवनागरी शिरोरेषेखाली सरळ बसते. दोन्हींना सारखीच पट्टी दिली, तर उर्दू बारीक दिसते. म्हणून तिनं उर्दूची पट्टी दीडपट उंच केली, कारण मुलांना सोडायला येणाऱ्या दादी-नानी उर्दूच वाचतात, तीही रस्त्यापलीकडून.

इथं निर्णय आहे, त्याचं कारण आहे आणि वाचणारं माणूसही आहे. कारणमीमांसेला 6, संदर्भाला 6 दिले. हेतूला 2च, कारण "दोन्ही भाषा बरोबरीच्या दिसाव्यात" हे तिचं खरं म्हणणं अगदी शेवटच्या ओळीत होतं.

शेरा लिहिला: शेवटची ओळ पहिली कर. हिरवा ठेवायचा तर ठेव, पण या शाळेला तोच का, ते सांग. आपल्याला रंगावरून ओळखणारे पुष्कळ आहेत. तू अक्षरांवरून ओळख करून दिली आहेस.